बँड रीसेट केला, ॲप परत टाकलं आणि जुनी पावलं-झोप गायब? थांबा, अजून काही दाबू नका

आमचे सासरे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, कोल्हापूरला असतात, रोज पहाटे रंकाळ्याला चालायला जातात. परवा रविवारी सकाळी त्यांचा फोन आला आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम "काय गं, माझी तीन वर्षं कुठं गेली?" मला आधी कळेचना. मग कळलं की बँडवर मेसेज यायचे बंद झाले होते म्हणून नातवाने बँड रीसेट मारला, तरी जमेना म्हणून ॲप उडवलं, परत टाकलं, बँड जोडला, मेसेज यायला लागले, नातू खूश होऊन क्रिकेटला गेला. आणि अण्णांनी ॲप उघडलं तर पावलं फक्त त्या दिवसाची, झोपेचा आलेख कोरा, मागच्या महिन्यात सरकवलं तर नुसत्या रेघा.

हा प्रकार मी आतापर्यंत घरात आणि ओळखीत मिळून बऱ्याच वेळा निस्तरलाय म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते, कारण प्रत्येक वेळी गोष्ट तीच असते, आणि बहुतेक वेळा डेटा गेलेला नसतो, आपण चुकीच्या घरात शिरून "सामान कुठंय" म्हणून ओरडत असतो. पण काही वेळा खरंच गेलेला असतो आणि तेव्हा तो कुणाचा बापही आणू शकत नाही, ते पण सांगते.

मी अण्णांना फोनवर पहिला प्रश्न एकच विचारला, ॲप परत टाकल्यावर त्याने तुमची उंची, वजन, जन्मतारीख विचारली का? "हो विचारलं की, वजन पण विचारलं, मी खरं तेच सांगितलं." बास, इथेच अर्धं निदान झालं. ॲपने उंची-वजन नव्याने विचारलं म्हणजे त्याच्या दृष्टीने तुम्ही नवीन माणूस आहात, त्याने तुमच्यासाठी कोरं खातं उघडलंय आणि कोऱ्या खात्यात जुना हिशोब कुठून दिसणार? जुन्या खात्यात बरोबर शिरलात तर ते काही विचारत बसत नाही, तुमचं नाव, जुनं वजन, रोजच्या पावलांचं टार्गेट सगळं आधीच भरलेलं दिसतं. ही खूण लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता आतली भानगड थोडी समजून घ्या म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. तुमची पावलं आणि झोप तीन ठिकाणी असते. पहिलं, बँडच्या स्वतःच्या पिटुकल्या मेमरीत, तिथे मागचे थोडेच दिवस मावतात. दुसरं, फोनमधल्या ॲपच्या पोटात. तिसरं, कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या खात्याच्या नावाने. बँडमधून फोनमध्ये जातं ब्लूटूथने, आणि फोनमधून सर्व्हरवर जातं नेटने, म्हणजे हा दोन टप्प्यांचा प्रवास आहे आणि लोक दोन्ही टप्प्यांना "सिंक" एकच शब्द वापरतात म्हणून घोळ होतो. बँड रीसेट केला की पहिली जागा पुसली जाते. ॲप काढलं की दुसरी जागा पुसली जाते. तिसरीला या दोन्हीने काही होत नाही, ती फक्त खातंच डिलीट केलं किंवा खात्यातून डेटा पुसा असं मुद्दाम सांगितलं तरच जाते. त्यामुळे तीन वर्षांचा इतिहास बहुतेक तिसऱ्या जागी सुखरूप असतो, आणि धोका असतो तो फक्त शेवटच्या काही दिवसांना, जे वर चढायचे राहिलेले असतात.

एक बारीक गोष्ट आणखी. ॲपने एकदा बँडमधून दिवस उचलला की बँड तो सहसा धरून ठेवत नाही, जागा मोकळी करतो. म्हणजे समजा तुम्ही गावाला गेलात, फोनला नेट नाही, पण बँड आणि फोनचं ब्लूटूथ चालू आहे, तर ते दिवस बँडमधून निघाले आणि फोनमध्ये येऊन बसले, सर्व्हरवर अजून गेलेच नाहीत. आणि अशा वेळी जर ॲप काढलं तर ते दिवस कुठेच उरत नाहीत. बँड न रीसेट करता सुद्धा. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

म्हणून तुम्ही आत्ता कुठल्या अवस्थेत आहात ते आधी ठरवा. नुसतं ॲप परत टाकलंय आणि बँडला अजून हात लावला नाहीये? मग बँडमध्ये न उचललेले दिवस अजून असतील, तर बँड कुठल्याही खात्याला जोडायची घाई करू नका. चुकीच्या खात्यातून जोडायला गेलात की ॲप म्हणतं हा बँड दुसऱ्या खात्याला बांधलेला आहे, आधी रीसेट करा, आणि माणूस वैतागून रीसेट करतो, आणि जे हातात होतं ते पण घालवतो. आधी बरोबर खातं शोधा, त्यात शिरा, मग बऱ्याचदा बँड तिथे यादीत आधीच दिसतो आणि रीसेट न करता जोडला जातो, आणि मागचे अडकलेले दिवस आपोआप खाली उतरतात. बँडची बॅटरी संपू देऊ नका तेवढ्यात, आणि बँडच्या सेटिंगमधल्या रीसेटला तर हातच लावू नका.

अण्णांच्या बाबतीत दोन्ही होऊन बसलं होतं, रीसेट पण आणि ॲप पण, त्यामुळे घाईचं कारण उरलं नव्हतं. नुसतं शोधायचं होतं.

अण्णांचा बँड शाओमीचा स्मार्ट बँड 7, धाकट्या भाऊजींनी दुबईहून 2022 च्या दिवाळीत आणलेला. या मॉडेलची खोच अशी की तो दोन वेगवेगळ्या ॲपला जोडता येतो, एक `Zepp Life` आणि दुसरं `Mi Fitness`. झेप लाइफ म्हणजे पूर्वीचं मी फिट, नाव बदललेलं. आणि एमआय फिटनेस म्हणजे पूर्वीचं शाओमी वेअर. दोन्हीची नावं सारखीच वाटतात, दोन्ही एकाच बँडला चालतात, पण दोघांचे सर्व्हर वेगळे, खाती वेगळी, एकाचा इतिहास दुसऱ्यात दिसत नाही, तिकडचं इकडे आणायचं बटणही नाही. नातवाने प्लेस्टोअरवर बँडचं नाव टाकलं, जे पहिलं आलं ते एमआय फिटनेस टाकलं. आधी कुठलं होतं हे त्याला माहीत नाही, अण्णांना तर ॲप म्हणजे "ते पावलांचं".

मग आधी कुठलं होतं हे कसं शोधायचं? प्लेस्टोअर उघडा, वर उजवीकडे आपला गोल फोटो, त्यात ॲप्स मॅनेज करायचं पान, तिथे "इन्स्टॉल केलेली" या जागी "इन्स्टॉल नसलेली" निवडा. या गुगल खात्याने कधीकाळी टाकलेली ॲप तिथे असतात. मी अण्णांना व्हिडिओ कॉलवर हे करायला लावलं, रेल्वेच्या आणि गॅसच्या ॲपच्या मधोमध झेप लाइफ सापडलं. आयफोनवाल्यांनी ॲप स्टोअरमध्ये आपल्या खात्याची खरेदीची यादी बघायची, फुकटची ॲपही त्यातच दिसतात.

आता झेप लाइफ टाकलं. मोठं काम झालं असं वाटलं, पण नाही. लॉगिनचं पान उघडलं तर तिथे ईमेल-पासवर्डची जागा आणि खाली चिन्हांची रांग, शाओमी, गुगल वगैरे. आणि इथेच नव्वद टक्के लोक फसतात असं मी म्हणेन (आकडा माझ्या अनुभवाचा, कुठला सर्व्हे नाही). कारण गुगलच्या चिन्हावरून आत गेलात तर ते एक खातं, तोच जीमेल पत्ता टाइप करून पासवर्डने आत गेलात तर ते दुसरं खातं, आणि शाओमीच्या चिन्हावरून गेलात, मग त्या शाओमी खात्यालाही तोच ईमेल का असेना, तर ते तिसरं खातं. ईमेल एकच आहे म्हणून खातं एकच असं नसतं, आत शिरायचं दार महत्त्वाचं. अण्णांनी गुगलचं चिन्ह दाबलं, त्यांचा नेहमीचा जीमेल निवडला, आणि ॲपने विचारलं, तुमची उंची किती?

मी म्हटलं, अण्णा, थांबा, काही भरू नका, मागे या.

मग दार कुठलं होतं ते शोधायचे दोन मार्ग. पहिला आणि पक्का म्हणजे गुगलचंच रजिस्टर बघणं. ब्राउझरमध्ये हे पान उघडा

```
https://myaccount.google.com/connections
```

इथे तुमचं गुगल खातं वापरून कुठल्या कुठल्या ॲपमध्ये आणि साइटमध्ये साइन इन केलंय त्याची यादी असते, ॲपवर टॅप केलं की हे कधीपासून आहे ती तारीखही दिसते. तारीख महत्त्वाची, कारण आत्ता पाच मिनिटांपूर्वी चुकून जे साइन इन केलंत तेही यादीत येतं आणि ते बघून "सापडलं" म्हणून उड्या मारायच्या नाहीत. अण्णांच्या नेहमीच्या जीमेलला झेप लाइफ होतं पण तारीख आजची. मग विचारलं, अण्णा, दुसरा जीमेल कुठला आहे का? "नाही." भाऊजींना दुबईला फोन लावला, ते म्हणाले अगं वहिनी, तेव्हा अण्णांचा जुना फोन होता ना, त्यात पेन्शनच्या कामासाठी काढलेला जीमेल होता, मी तोच टाकला असणार. तो जीमेल अण्णांच्या नव्या फोनमध्ये होताच, नुसता जीमेल ॲपमध्ये दुसऱ्या नंबरवर पडलेला, कुणी उघडत नाही. त्या खात्याने तेच पान उघडलं आणि झेप लाइफ, तारीख 2022 च्या ऑक्टोबरमधली. म्हणजे दिवाळी.

दुसरा मार्ग, गुगलच्या दारातून गेलाच नसाल तर. सगळ्या ईमेलमध्ये शोधा, ॲपचं नाव टाकून, कंपनीचं नाव टाकून, आणि `verification` हा शब्द टाकून. खातं उघडताना कोड किंवा स्वागताचा मेल आलेला असतो, स्पॅम आणि प्रमोशनच्या टॅबमध्ये पण बघा. मोबाइल नंबरवरून शाओमीचं खातं काढलं असेल तर एसएमएसमध्ये जुना ओटीपी सापडतो, आणि एसएमएस लोक कधी पुसत नाहीत त्यामुळे हा उपाय अजब चालतो. बँड ज्याने घेऊन दिला, ज्याने पहिल्यांदा जोडून दिला, त्याला फोन करणं हा पण एक टेक्निकल उपायच समजा, कारण आपल्याकडे वडीलधाऱ्यांची निम्मी खाती मुलांच्या, जावयाच्या नाहीतर कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानदाराच्या ईमेलवर असतात.

ज्यांचं ॲप पहिल्यापासून एमआय फिटनेसच आहे त्यांना याच्या वर एक वेगळा सापळा आहे, तो म्हणजे देश. हे ॲप सुरू करताना रीजन विचारतं आणि तुमचा डेटा त्या रीजनच्या सर्व्हरवर राहतो. तुम्ही मस्कतला किंवा दुबईला असताना तिथला देश निवडला होता, आता पुण्यात येऊन ॲप परत टाकलं आणि भारत निवडला, तर खातं तेच, पासवर्ड तोच, आणि इतिहास शून्य. लोक म्हणतात लॉगिन बरोबर आहे तरी दिसत नाही, म्हणजे गेलाच. गेला नाही. लॉगआउट करा, लॉगिनच्या पानावर देश बदलून जुना निवडा आणि परत आत जा. नंतर आहात तिथला देश हवा म्हणून मध्येच बदलू नका, नाहीतर पुढचे दिवस एकीकडे आणि मागचे दिवस एकीकडे असे दोन ढीग होतात.

तर अण्णांनी पेन्शनवाल्या जीमेलने गुगलच्या दारातून झेप लाइफमध्ये पाऊल टाकलं. उंची विचारली नाही. वर त्यांचं नाव, आणि तीन वर्षांपूर्वीचं वजन जे बघून ते गप्प झाले. पण पावलांचा आलेख अजून कोराच. इथे पुष्कळ जण हार मानतात आणि परत ॲप काढून टाकतात. जरा दम धरायचा. जुना इतिहास सर्व्हरवरून एका फटक्यात सगळा खाली येत नाही, तुम्ही त्या महिन्यावर गेलात की तो महिना मागवला जातो. वायफायला जोडा, पावलांचं पान उघडा, महिन्याच्या आलेखावर जा, एकेक महिना मागे सरकवा आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थांबा. झोपेचं तसंच, वेगळं, झोपेच्या पानावर जाऊन. अण्णांना पहिला महिना दिसायला मिनिटभर लागला आणि मग पटापट रेघा उभ्या राहायला लागल्या, "हे बघ जोतिबाची यात्रा, ही केवढी उंच दांडी!" असं सगळं सुरू झालं. म्हटलं अण्णा सावकाश बघा, मी चहा टाकते.

आता खरी नुकसानीची गोष्ट. रीसेट झाला 9 तारखेला, आणि इतिहास संपत होता 3 तारखेला. मधले सहा दिवस रिकामे. कारण उघड आहे, मेसेज येत नव्हते म्हणजे बँड आणि फोनचं बोलणंच बंद होतं, म्हणजे सिंकही बंद होतं, ते सहा दिवस फक्त बँडच्या पोटात होते आणि नातवाने ज्या क्षणी रीसेट दाबलं त्या क्षणी ते गेले. हे परत येत नाहीत. मेमरी पुसली गेली, दुसरी प्रत कुठेच नव्हती. कंपनीला मेल टाकून उपयोग नाही, त्यांच्याकडे ते कधी पोचलेच नाहीत.

आणि कृपा करून प्लेस्टोअरवरची "डिलीट झालेला डेटा परत मिळवा" छापाची ॲप टाकू नका. ॲपचा स्वतःचा डेटा फोनच्या अशा कप्प्यात असतो जिथे दुसऱ्या ॲपला शिरताच येत नाही, ॲप काढलं की तो कप्पाच पुसला जातो, आणि हल्लीच्या फोनमध्ये स्टोरेज एन्क्रिप्ट केलेलं असतं त्यामुळे पुसलेल्या फायली उकरून काढण्याचा प्रश्न येत नाही. दुकानदार पाचशे रुपये घेऊन "बघतो" म्हणेल, तो पण काही बघणार नाही.

त्या सहा दिवसांची पावलं मात्र थोडीफार मिळू शकतात, बँडमधून नाही, फोनमधून. फोनमध्येही पावलं मोजायचा सेन्सर असतो आणि फोनवर गुगल फिट किंवा सॅमसंगवाल्यांचं सॅमसंग हेल्थ चालू असेल तर त्याने स्वतःचं वेगळं मोजलेलं असतं. अण्णांच्या फोनवर गुगल फिट होतं, कधी कुणी टाकलं देव जाणे. त्यात सहा दिवसांची पावलं होती पण बँडपेक्षा बरीच कमी, कारण अण्णा फिरायला जाताना फोन खिशात ठेवतात पण घरातल्या घरात, गच्चीवर, वाण्याकडे जाताना फोन टेबलावरच असतो. म्हणजे रंकाळ्याची फेरी आली, बाकी दिवस नाही आला. झोप तर येणारच नाही, फोन रात्रभर चार्जिंगला लावलेला असतो, त्याला काय कळणार कोण कधी झोपलं. झोप बँड मनगटाच्या हालचालीवरून आणि नाडीच्या ठोक्यांवरून काढतो, तो कच्चा माल गेला की झोप गेली.

तुमचं बँडचं ॲप आधीपासून गुगल फिटला जोडलेलं असेल तर गोष्ट आणखी बरी असते, कारण मग बँडनेच मोजलेली पावलं तिकडे कॉपी झालेली असतात. तशीच कॉपी नव्या अँड्रॉइडमध्ये हेल्थ कनेक्ट नावाच्या सगळ्या हेल्थ ॲपच्या सामाईक साठ्यात असू शकते, अँड्रॉइड 14 पासून ते फोनच्या सेटिंगमध्येच आहे, सेटिंगमध्ये वर शोधायच्या जागी `Health Connect` टाकलं की सापडतं, आत डेटा आणि ॲक्सेसच्या पानावर पावलं, झोप असे कप्पे दिसतात. बँडचं ॲप काढलं तरी तिथे आधी लिहिलेलं राहतं. पण दोन अडचणी. एक म्हणजे हा साठा फोनमध्येच असतो, त्यामुळे फोनच रीसेट केला असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. दुसरी, नवीन ॲपला तिथलं वाचायची परवानगी दिली तर ते साधारणपणे परवानगीच्या दिवसापासून मागचे 30 दिवसच वाचू शकतं, आणि ॲप काढून परत टाकलं की ही मोजणी परत नव्याने सुरू होते. म्हणजे दोन वर्षांचं आतमध्ये दिसतंय पण ॲपमध्ये महिनाच आला, असं झालं तर बिघाड नाही, नियमच तसा आहे. आणि मुळात बँडची ॲप या साठ्यात आपला माल टाकतात, तिथून आपल्या आलेखात परत भरून घेतीलच असं नाही, त्यामुळे भोक बुजेल ही आशा नको, नुसतं बघायला मिळेल.

बाकी बँडवाल्यांसाठी थोडक्यात. फिटबिट असेल तर कंपनीच्याच माहितीप्रमाणे बहुतेक मॉडेल मिनिटा-मिनिटाचा तपशील 7 दिवस आणि रोजची एकूण बेरीज 30 दिवस बँडमध्ये ठेवतात, त्यामुळे सिंक बंद पडून आठवडा उलटला असेल तर उशीर करू नका, आणि बँड खात्यातून काढला तरी खात्यातला इतिहास राहतो, त्याला घाबरू नका. आणि ते सातआठशेवाले बँड, ज्यांचं ॲप लॉगिनच मागत नाही किंवा "गेस्ट" म्हणून आत सोडतं, त्यांचं मात्र अवघड आहे, तिथे तिसरी जागाच नसते, सगळं फोनमध्ये. ॲप काढलं की संपलं. अशा ॲपमध्ये काही बिघाड झाला तर सेटिंगमधून फक्त कॅशे साफ करा, डेटा साफ करा हे बटण शेजारीच असतं आणि ते म्हणजे ॲप काढून टाकण्यासारखंच आहे, बोट घसरू देऊ नका.

परत अण्णांकडे येऊ. बरोबर खातं सापडलं पण बँड अजून एमआय फिटनेसला जोडलेला. आता दोन खात्यांचं एकत्र करता येत नाही, हे स्पष्ट सांगते कारण प्रत्येक जण विचारतो. म्हणून ठरवायचं की पुढे कुठल्या घरात राहायचं. आम्ही जुन्या घरात परत जायचं ठरवलं. आधी एमआय फिटनेस उघडून खाली ओढून सिंक केलं, नेट चालू ठेवून, म्हणजे नातवाच्या रीसेटनंतरचं जे होतं ते निदान त्या खात्यात तरी नीट बसलं. मग तिथून बँड अनपेअर केला (यात बँड परत पुसला जातो, म्हणून आधी सिंक), मग झेप लाइफमधून जोडला. आणि ज्या कारणाने हे सगळं रामायण झालं ते मेसेज न येणं? ते फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲपला मागच्या मागे झोपवलं होतं म्हणून होतं. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये बंधन काढलं, संपलं. रीसेटची गरजच नव्हती, हे नातवाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला "पण काकू, चाललं ना?"

नंतर मी झेप लाइफमधून सगळा डेटा बाहेर काढून ठेवला. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये आत कुठेतरी, व्हर्जनप्रमाणे जागा बदलते, `Export data` आहे, तारखा आणि प्रकार निवडायचे, ईमेल द्यायचा, काही वेळाने लिंक येते. झिप फाइलला पासवर्ड असतो, तो त्या मेलमध्येच बघा, आणि विंडोजचं साधं एक्स्ट्रॅक्ट अडलं तर 7-Zip ने उघडते. आत `ACTIVITY` मध्ये रोजची पावलं, `SLEEP` मध्ये झोप, सगळं एक्सेलमध्ये उघडणारं.

मी झोपेची फाइल उघडली आणि दचकले. अण्णा रोज दुपारी सव्वाचारला झोपतात? उदाहरणार्थ एका ओळीत `start` खाली `2023-08-14 16:15:00+0000`. मग शेवटच्या `+0000` कडे लक्ष गेलं, वेळ आपली नाहीये, यूटीसी आहे, त्यात साडेपाच तास मिळवले की रात्रीचे पावणेदहा, आणि अण्णा बरोबर पावणेदहाला झोपतात, बातम्या संपल्या की. `start` माझ्या फाइलमध्ये `E` रकान्यात होता, तर शेजारी हे टाकून खाली ओढलं, आणि त्या रकान्याचा फॉरमॅट तारीख-वेळ केला

```
=DATEVALUE(LEFT(E2,10))+TIMEVALUE(MID(E2,12,8))+TIME(5,30,0)
```

`deepSleepTime` आणि `shallowSleepTime` मिनिटांत आहेत, आणि जिथे दोन्ही शून्य तिथे बँड त्या रात्री हातात नव्हता असं समजायचं, जागरण नाही. ही फाइल ॲपमध्ये परत भरता येत नाही, पण पुढच्या वेळी कुणी काही दाबलं तरी निदान आकडे हातात राहतात.

3 ते 9 मधली खाच तशीच आहे. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या सहा दिवसांत फेरी केली तिथे निळ्या पेनने टिकल्या केल्यात, पाच टिकल्या, एका दिवशी पाऊस होता. आणि बँडच्या खोक्याच्या झाकणात आतून पेन्शनवाला जीमेल लिहून चिकटवलाय, खाली भाऊजींच्या सांगण्यावरून मोठ्या अक्षरात, "गुगलच्या चिन्हावरून".